रेखाचित्रांचा शेअर्ड ड्राइव्ह: मालक कोण आणि काढू कोण शकतं (प्रकल्प नोंदी, ठाणे)

२ जून २०२५, सोमवार

काका ३० जूनला निवृत्त होताहेत. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात पुनर्विकासाच्या सोसायट्यांची सगळी रेखाचित्रं तेच सांभाळतात. कुठल्या नकाशाची कितवी सुधारणा साइटवर गेली याचं रजिस्टरही त्यांचंच. हे सगळं आहे त्यांच्या ऑफिस खात्याच्या माय ड्राइव्हमध्ये. आम्ही बाकीचे दहाजण रोज त्याच फायली उघडतो, त्यामुळे त्या ऑफिसच्या आहेत असंच सगळे धरून चालतात. पण गुगलच्या हिशेबाने त्या एकट्या काकांच्या आहेत.

याचा फटका आम्ही एकदा खाल्लाय. दोन वर्षांपूर्वी एक इंजिनिअर सोडून गेला, त्याचं खातं काढून टाकलं आणि त्याच्या फायली कुणाच्या नावावर करायच्या हे ठरवायचं राहून गेलं. वर्कस्पेसमध्ये काढून टाकलेलं खातं २० दिवसांत परत आणता येतं. आम्हाला आठवण झाली ती दर-विश्लेषणाची शीट उघडेना तेव्हा, आणि तोवर २० दिवस उलटून गेले होते. ती शीट आम्ही जुन्या प्रिंटआउटवरून पुन्हा टाइप केली.

सर म्हणाले, "या वेळी काकांच्या फायली तुझ्या नावावर करून घे." तसं करता येतं. खातं काढताना अ‍ॅडमिन त्या माणसाच्या फायली दुसऱ्या एका माणसाकडे सोपवू शकतो. पण मग मी सोडून जाईन तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. म्हणून फायली शेअर्ड ड्राइव्हमध्ये हलवायच्या असं ठरलं. ड्राइव्हचं नाव ‘रेखाचित्रे’. मॅनेजर मी आणि सर. काकांना कॉन्ट्रिब्युटर केलं, कारण त्यांना महिनाभर फायली आणायच्या आणि सुधारायच्या आहेत, त्याला ती भूमिका पुरते. बाकीच्यांना भरभर जोडून टाकलं.

३ जून, मंगळवार

खऱ्या फायलींना हात लावण्याआधी एका चाचणीच्या फाइलवर करून बघितलं. स्क्रीनवर मालकाचं नाव दिसतं की नाही एवढ्यावर मला विश्वास ठेवायचा नव्हता, म्हणून ड्राइव्हच्या एपीआयलाच विचारलं. फाइल हलवण्याआधी एकदा आणि हलवल्यावर एकदा, तीच विनंती:

```
GET https://www.googleapis.com/drive/v3/files/FILE_ID
  ?supportsAllDrives=true
  &fields=driveId,ownedByMe,owners,capabilities(canEdit,canTrash,canDelete)
```

आधीच्या उत्तरात `ownedByMe` खरं होतं आणि `owners` मध्ये माझा पत्ता होता. हलवल्यावरच्या उत्तरात हे दोन्ही रकाने आलेच नाहीत, त्यांच्या जागी `driveId` आला.

गोष्ट इथेच कळते. आपण म्हणतो, मालक बदलला. म्हणजे एका माणसाचं नाव जाऊन दुसऱ्याचं आलं असं वाटतं. तसं झालेलं नाही. माणूस मालक असण्याची जागाच तिथे उरलेली नाही. माय ड्राइव्हमधल्या प्रत्येक फाइलला एक मालक लागतोच आणि तिचं आयुष्य त्या खात्याला बांधलेलं असतं. शेअर्ड ड्राइव्हमधली फाइल त्या ड्राइव्हची, म्हणजे संस्थेची. माणसांकडे असते ती फक्त भूमिका. भूमिका द्यावी लागते, बदलता येते, काढून घेता येते. फाइल कुणी बनवली याचा तिच्याशी संबंध नसतो.

जे बदलत नाही तेही नोंदवून ठेवते. फाइलचा आयडी तोच राहिला, म्हणून जुनी लिंक तशीच उघडली. आधीच्या आवृत्त्याही शाबूत होत्या. कॉपी करून टाकली असती तर आयडी नवा झाला असता, आवृत्त्या मागे राहिल्या असत्या आणि साइटवरच्या मंडळींच्या फोनमधल्या लिंका जुन्याच फाइलकडे जात राहिल्या असत्या. म्हणून सगळ्यांना सांगितलं: कॉपी नाही, हलवायचंच.

५ जून, गुरुवार

शेअर्ड ड्राइव्हमध्ये सोसायटीवार फोल्डर मी करून दिले आणि काकांनी त्यांच्या खात्यातून फायली निवडून आणून टाकल्या. मुद्दाम त्यांच्याच हातून करून घेतलं. स्वतःच्या फायली स्वतः हलवल्या की हक्काचा घोळ होत नाही. संध्याकाळपर्यंत नौपाड्याच्या दोन सोसायट्या आणि घोडबंदर रोडची एक पूर्ण झाली.

एक फाइल मागे राहिली. स्ट्रक्चरल सल्लागारांची शीट आमच्या फोल्डरमध्ये दिसत होती, पण ती त्यांच्या ऑफिसच्या खात्यावरची. आम्हाला तिच्यात फक्त बदल करता येतात. जी आपली नाही ती संस्थेच्या नावावर करायला जाऊ नये असं मला वाटतं. त्यांना फोन करून अंतिम प्रत मागवली आणि ती आपली म्हणून ठेवली.

९ जून, सोमवार

सकाळी काका माझ्या टेबलाशी आले. एकाच नकाशाच्या दोन पीडीएफ झाल्या होत्या, चुकीची काढायची होती, आणि त्यांना ट्रॅशमध्ये टाकण्याचा पर्यायच मिळत नव्हता. "फाइल मी बनवली, मीच इथे आणून ठेवली आणि मलाच काढता येत नाही, असं कसं गं?"

त्यांचा आवाज चढला नव्हता, पण लागलं होतं. आणि त्यांचं खरं होतं. चार दिवसांपूर्वीपर्यंत या फायली ते हवं तेव्हा काढू शकत होते. हलवताना तो हक्क त्यांच्याकडून गेला आणि हे मी त्यांना आधी सांगितलं नव्हतं. कॉन्ट्रिब्युटर नवी फाइल टाकतो, असलेली बदलतो, पण ट्रॅशमध्ये टाकू शकत नाही, स्वतः आणलेलीसुद्धा नाही. त्यांच्या खात्यातून तीच एपीआय विनंती केली:

```
"capabilities": {
  "canEdit": true,
  "canTrash": false,
  "canDelete": false
}
```

मग दोघांनी बसून बाकीच्या भूमिका बघितल्या. कंटेंट मॅनेजरच्या खात्यातून `canTrash` खरं येतं, पण `canDelete` खोटंच. म्हणजे तो फाइल ट्रॅशमध्ये टाकू शकतो, कायमची पुसू शकत नाही. मॅनेजरला दोन्ही. कमेंटर आणि व्ह्यूअर यांना अर्थातच काही नाही.

काकांनी विचारलं, "मग मजकूर पुसून कोरी ठेवली तर?" रजिस्टरसारख्या शीटच्या बाबतीत ते शक्य आहे, कॉन्ट्रिब्युटरला बदल करायची मुभा असतेच. तेव्हा कॉन्ट्रिब्युटर दिला म्हणजे मजकूर सुरक्षित असं कुणी समजू नये. फाइल जागेवर राहते एवढंच. पुसलेला मजकूर आवृत्त्यांमधून परत आणावा लागतो.

ती चुकीची पीडीएफ मी काढली नाही. काकांना स्वतःला काढता येईल अशी सोय करते म्हणाले.

१३ जून, शुक्रवार

दुपारी तीनच्या सुमारास साइटवरून फोन: घोडबंदरच्या सोसायटीचा ‘मंजूर नकाशे’ फोल्डर दिसत नाही. बाहेर धो धो पाऊस, स्लॅबची तयारी चाललेली आणि सुपरवायझरच्या हातात फोन. मला आधी वाटलं नेटवर्क असेल. माझ्याकडेही नव्हता.

शेअर्ड ड्राइव्हचा ट्रॅश वेगळा असतो हे अशा वेळी आठवावं लागतं. मी घाईत माझ्या माय ड्राइव्हचा ट्रॅश उघडला, तो रिकामा. मग ‘रेखाचित्रे’ या नावावरच्या मेनूतून त्या ड्राइव्हचा ट्रॅश उघडला. फोल्डर आतल्या सगळ्या फायलींसकट तिथे होता. परत आणला, साइटवर लिंक उघडली. पंधरा मिनिटांचं काम.

कुणी टाकला हे शोधायला सरांच्या अ‍ॅडमिन खात्यातून ड्राइव्हच्या घटनांची नोंद बघितली. फोल्डरच्या नावाने शोधल्यावर ट्रॅशची घटना, वेळ आणि खातं समोर आलं. खातं होतं आमच्याकडच्या शिकाऊ आर्किटेक्ट मुलीचं.

तिला बोलावलं तेव्हा ती घाबरली होती. तिने जे सांगितलं ते नीट लिहून ठेवते, कारण ही चूक उद्या दुसरं कुणीही करेल. तिला घोडबंदरचं काम नाही. तो फोल्डर तिला आपल्या नजरेसमोर नको होता, म्हणून तिने काढला. कॉलेजात प्रोजेक्टचे फोल्डर एका मैत्रिणीच्या माय ड्राइव्हमधून शेअर झालेले असायचे. तिथे दुसऱ्याची फाइल आपण काढली तर ती फक्त आपल्या यादीतून जाते. मालकाकडे आणि बाकीच्यांकडे ती तशीच राहते. चार वर्षं तिचा हात याच सवयीचा. शेअर्ड ड्राइव्हमध्ये ‘माझ्या यादीतून काढा’ असं काही नसतं, कारण तिथे कुणाची वेगळी यादीच नसते. ट्रॅशमध्ये टाकलं की सगळ्यांसाठी गेलं.

पण तिला तो अधिकार मिळाला कसा? मी दिला. २ जूनला माणसं जोडताना खिडकीत आपोआप जी भूमिका निवडलेली येते ती मी तशीच राहू दिली, आणि ती असते कंटेंट मॅनेजर. सात जणांना मी न ठरवता काढण्याचा अधिकार वाटून बसले. आणि ज्यांनी फायली बनवल्या त्या काकांना विचार करून कॉन्ट्रिब्युटर केलं. नेमकं उलटं झालं. भूमिका निवडताना मी ‘हा काम किती करणार’ एवढंच बघत होते. ‘हा काय काढू शकेल’ हे बघायचं असतं.

संध्याकाळी सातही जणांना कॉन्ट्रिब्युटर केलं. मुलीला सांगितलं, चूक तुझ्या हातून झाली पण दार मी उघडं ठेवलं होतं.

१७ जून, मंगळवार

काकांची सोय झाली. अख्ख्या ड्राइव्हवर त्यांची भूमिका न वाढवता फक्त त्यांच्या तीन सोसायट्यांच्या फोल्डरवर त्यांना कंटेंट मॅनेजर केलं. फोल्डरवर दिलेली भूमिका त्याच्या आतल्या सगळ्याला लागू होते. त्यांनी पहिलं काम केलं ते ती चुकीची पीडीएफ काढण्याचं. मी शेजारी उभी होते. बाकीच्या फोल्डरमध्ये त्यांना अजूनही काही काढता येत नाही, आणि ते त्यांनाही पटलं: "दुसऱ्याच्या सोसायटीत मी कशाला हात घालू."

हे वरच्या दिशेनेच चालतं, हे लक्षात ठेवायचं. फोल्डरवर भूमिका वाढवता येते, पण एखाद्याला ड्राइव्हवर कंटेंट मॅनेजर करून मग एका फोल्डरवर कॉन्ट्रिब्युटर केलं तर तो तिथेही कंटेंट मॅनेजरच राहतो. मोठी भूमिका जिंकते. म्हणून ड्राइव्हवर कमीत कमी द्यायचं आणि लागेल तिथे फोल्डरवर वाढवायचं.

बाहेरच्या ठेकेदाराला आम्ही रजिस्टरची एकच शीट बदल करण्याच्या परवानगीने दिली आहे. तो ड्राइव्हचा सभासद नाही. त्याच्याकडून शीटचा मजकूर बिघडू शकतो, पण शीट ट्रॅशमध्ये जाऊ शकत नाही.

२३ जून, सोमवार

सरांशी बसून मॅनेजरबद्दल बोलले. त्यांचं म्हणणं, भागीदार तिघे आहेत तर तिघांनाही मॅनेजर कर. मी विरोध केला आणि कारण दाखवलं.

कंटेंट मॅनेजरच्या हातून झालेली चूक ट्रॅशमध्ये ३० दिवस पडून राहते, तोवर कुणाच्या तरी लक्षात येतं. मॅनेजर मात्र ट्रॅशमधूनही कायमचं पुसू शकतो, म्हणजे तो ३० दिवसांचा अवधीच पुसतो. त्यानंतर उरतो तो अ‍ॅडमिनचा मार्ग: ट्रॅशमधून गेल्यापासून २५ दिवसांच्या आत अ‍ॅडमिन कन्सोलमधून ड्राइव्हचा डेटा परत आणता येतो. तिथे एकेक फाइल बघून निवडता येत नाही, तारखांची मुदत द्यावी लागते. त्यामुळे ज्याला अमुक दिवशी काय गेलं हे ठाऊक आहे त्यालाच त्याचा नीट उपयोग होतो.

दुसरं, मॅनेजर फाइल ड्राइव्हबाहेर स्वतःच्या माय ड्राइव्हमध्ये नेऊ शकतो. तसं केलं की ती पुन्हा माणसाच्या मालकीची होते आणि आम्ही २ जूनला जिथे होतो तिथे परत येतो. फाइल कुणी पुसलेली नसते, तरी ड्राइव्हमधून गेलेली असते, आणि ट्रॅशमध्ये शोधून ती सापडणार नाही. असं झालं तर घटनांच्या नोंदीत हलवल्याची घटना शोधायची.

अख्खा ड्राइव्ह काढायची भीती सरांना होती. त्यात एक अडसर आहे: ड्राइव्हमध्ये ट्रॅशबाहेर काहीही असेल तर मॅनेजरलाही तो काढता येत नाही.

सरांनी ऐकलं. मॅनेजर दोघंच राहिलो. एकच ठेवायचा नाही, कारण तो माणूस गेला तर ड्राइव्ह बिनमॅनेजरचा होतो. तेव्हाही अ‍ॅडमिन कन्सोलमधून नवा मॅनेजर नेमता येतो, पण तोवर सगळे अडून बसतात.

३० जून, सोमवार

काकांचा शेवटचा दिवस. सकाळी त्यांच्या खात्यात बसून ड्राइव्हच्या शोधपट्टीत हे टाकलं:

```
owner:me
```

शेअर्ड ड्राइव्हमध्ये गेलेल्या फायली यात येत नाहीत, कारण त्या आता कुणाच्याच ‘माझ्या’ नाहीत. म्हणून जे दिसतं ते म्हणजे राहून गेलेलं. बावीस फायली निघाल्या. बऱ्याचशा खासगी: मुलीच्या लग्नाची यादी, लाइट बिलं. त्या त्यांनी स्वतःसाठी डाउनलोड करून घेतल्या. पण चार फायली कामाच्या होत्या, आणि त्यातली एक म्हणजे सुधारणांचं रजिस्टर! ते कुठल्याच सोसायटीच्या फोल्डरमध्ये नव्हतं, माय ड्राइव्हच्या मुळाशी सुटं पडलेलं. महिनाभर आम्ही दोघांनी फोल्डर तपासले आणि रोज उघडली जाणारी फाइलच राहिली होती. चारही तिथल्या तिथे हलवल्या.

चार वाजता चहा आणि वडे झाले. काकांनी जाताना विचारलं, "आता मी गेल्यावर माझ्या फोल्डरमधलं कोण काढणार?" मी त्यांच्या जागी येणाऱ्या ड्राफ्ट्समन ताईंचं नाव सांगितलं आणि त्यांच्यासमोरच ताईंना त्या तीन फोल्डरवर कंटेंट मॅनेजर केलं.

१ जुलै, मंगळवार

काकांचं खातं काढलं. माय ड्राइव्हमधलं उरलेलं कुणाकडेही सोपवायचं नाही असं निवडलं. कालच्या शोधानंतर ते निवडायला हात थरथरला नाही.

२२ जुलै, मंगळवार

२० दिवस काल पूर्ण झाले. आता ते खातं परत येणार नाही. सकाळी साइटवरच्या सुपरवायझरला फोन करून रजिस्टरची जुनीच लिंक उघडायला सांगितली. उघडली. जूनमधल्या आवृत्त्याही दिसताहेत. प्रत्येक सोसायटीतला एकेक नकाशा मी इथून उघडून बघितला.

काकांनी १७ जूनला काढलेली पीडीएफ ड्राइव्हच्या ट्रॅशमधून १७ जुलैला गेली. अ‍ॅडमिनच्या २५ दिवसांच्या हिशेबाने ती ११ ऑगस्टपर्यंत परत आणता येईल. ताईंना विचारून घेतलं, ती चुकीचीच होती, नको आहे.